विश्लेषण : बेस पॉलिसी, टॉप-अप की सुपर टॉप-अप? स्वस्तातले संरक्षण नेमके कधी पुरते?

वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला. २० हजारांच्या हप्त्यासाठी आधी २३ हजार ६०० रुपये मोजावे लागत, ते आता २० हजारच लागतात. त्यामुळे जुन्या पॉलिसीची रक्कम वाढवावी का, असा विचार अनेक घरांत सुरू झाला आहे. छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात राहणारे, वाळूज किंवा शेंद्रा औद्योगिक वसाहतीत नोकरीला जाणारे कुटुंब असो, की जालना रोडवर दुकान चालवणारे, त्यांच्यापुढे सहसा दोन रस्ते येतात. एक म्हणजे पाच लाखांची पॉलिसी थेट १५ किंवा २० लाखांची करणे. दुसरा म्हणजे पाच लाख तसेच ठेवून त्यावर टॉप-अप किंवा सुपर टॉप-अप घेणे. दुसरा रस्ता बराच स्वस्त असतो. पण तो का स्वस्त आहे आणि कोणाला पुरतो, हे समजले नाही तर बिलाच्या दिवशी घोळ होतो.

तिन्हींत मूळ फरक काय?

बेस पॉलिसी पहिल्या रुपयापासून पैसे देते. रुग्णालयाचे बिल ४० हजारांचे असो की चार लाखांचे, अटींत बसणारी रक्कम ती विमा रकमेच्या मर्यादेपर्यंत भरते. टॉप-अप आणि सुपर टॉप-अप मात्र ठरावीक रकमेच्या वरचाच भार उचलतात. या ठरावीक रकमेला ‘डिडक्टिबल’ म्हणतात. डिडक्टिबल पाच लाख असेल, तर पहिले पाच लाख ही पॉलिसी कधीच देणार नाही. ते बेस पॉलिसीतून आले, कंपनीच्या गट विम्यातून आले की बचतीतून, याच्याशी तिचा सहसा संबंध नसतो. बेस पॉलिसी नसतानाही सुपर टॉप-अप घेता येते ती यामुळेच.

हप्ता कमी असण्याचे कारणही हेच आहे. डेंग्यू, मोतीबिंदू, अपेंडिक्स अशा नेहमीच्या कारणांची बहुतेक बिले पाच लाखांच्या आत असतात. ती सगळी बेस पॉलिसीच्या अंगावर येतात. वरच्या पॉलिसीकडे मोजकीच, पण मोठी बिले जातात. म्हणजे स्वस्त हप्ता ही सवलत नाही. विमा कंपनी कमी वेळा पैसे देणार आहे, म्हणून ती कमी पैसे घेते.

टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांत फरक कुठे पडतो?

टॉप-अपमध्ये डिडक्टिबल प्रत्येक दाव्याला वेगळे मोजले जाते. सुपर टॉप-अपमध्ये पॉलिसीच्या वर्षभरातील सर्व दाव्यांची बेरीज करून ते एकदाच मोजले जाते. हा फरक एका उदाहरणाने स्पष्ट होईल.

समजा, क्रांती चौक परिसरातील एका चौघांच्या कुटुंबाकडे पाच लाखांची कौटुंबिक बेस पॉलिसी आहे. जूनमध्ये पतीची बायपास शस्त्रक्रिया झाली, बिल ४ लाख २० हजार. जानेवारीत पत्नीचा दुचाकीवरून अपघात झाला, मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया आणि अतिदक्षता विभागासह बिल ३ लाख ८० हजार. वर्षाचा एकूण खर्च आठ लाख. बेस पॉलिसीने जूनमध्ये ४ लाख २० हजार दिले, जानेवारीत तिच्याकडे फक्त ८० हजार उरले. म्हणजे तीन लाख रुपये उघड्यावर पडले.

या कुटुंबाकडे पाच लाख डिडक्टिबलची साधी टॉप-अप असेल, तर तिच्यातून एक रुपयाही मिळणार नाही. कारण दोन्हींपैकी एकही बिल एकट्याने पाच लाख ओलांडत नाही. सुपर टॉप-अप असेल, तर ती आठ लाखांच्या बेरजेतून पाच लाख वजा करून तीन लाख देईल. हेच कुटुंब वर्षात एकदाच दाखल झाले आणि बिल नऊ लाखांचे आले असते, तर दोन्ही पॉलिसींनी सारखेच चार लाख दिले असते. फरक पडतो तो वारंवार दाखल होण्यात.

सर्वाधिक फरक पडतो तो कर्करोगासारख्या आजारात. केमोथेरपीसाठी रुग्ण एका दिवसापुरता दाखल होतो आणि दर वेळी वेगळे बिल होते. समजा, वर्षात ९० हजारांची दहा बिले झाली. खर्च नऊ लाख झाला, तरी प्रत्येक बिल स्वतंत्र दावा धरल्यास साध्या टॉप-अपच्या पाच लाखांच्या उंबरठ्याला एकही पोहोचत नाही. सुपर टॉप-अप मात्र बेरीज पाच लाखांपुढे गेली, की उरलेली चार लाखांची बिले देऊ लागते. काही टॉप-अप पॉलिसींत ४५ दिवसांच्या आत पुन्हा करावे लागलेले त्याच आजाराचे उपचार एकच दावा मानले जातात. ही अट आपल्या पॉलिसीत आहे का, हे आधीच वाचून घ्यावे लागते.

‘रिस्टोरेशन’ असेल तर सुपर टॉप-अपची गरज उरते का?

आजच्या अनेक बेस पॉलिसींत विमा रक्कम संपल्यावर ती पुन्हा भरून मिळते. याला रिस्टोरेशन किंवा रिफिल म्हणतात. वरच्या उदाहरणात ही सोय असती, तर जानेवारीतील पत्नीचे बिल बेस पॉलिसीनेच दिले असते आणि सुपर टॉप-अपला हात लावावा लागला नसता. पण रिस्टोरेशनच्या अटी कंपनीगणिक बदलतात. काही पॉलिसींत ते त्याच व्यक्तीच्या त्याच आजाराला त्या वर्षी मिळत नाही, काहींत मिळते. अनेक पॉलिसींत ते पुढच्या दाव्याला लागू होते, चालू दाव्याला नाही. त्यामुळे एकाच वेळी १२ लाखांचे बिल आले, तर पाच लाखांची पॉलिसी पाच लाखांवरच थांबते. तिथे वरचे संरक्षणच कामी येते.

सुपर टॉप-अप बेस पॉलिसीतील उणिवा भरून काढते का?

नाही, आणि सर्वात जास्त गैरसमज याच मुद्द्यावर होतो. बेस पॉलिसीने कापलेली रक्कम सुपर टॉप-अप देईल, असे अनेकांना वाटते. ‘आरोग्य संजीवनी’ या सर्व कंपन्यांकडे सारख्या अटींवर मिळणाऱ्या मानक पॉलिसीचे उदाहरण घेऊ. तिच्यात खोलीभाडे विमा रकमेच्या दोन टक्के, पण दिवसाला जास्तीत जास्त पाच हजार रुपयेच मिळते. शिवाय प्रत्येक दाव्यातील पाच टक्के रक्कम विमाधारकाला स्वतः भरावी लागते.

पाच लाखांची आरोग्य संजीवनी असलेला रुग्ण दिवसाला आठ हजार भाड्याच्या खोलीत दहा दिवस राहिला, असे समजू. एकूण बिल पाच लाख. त्यात खोलीभाडे ८० हजार, डॉक्टर, शस्त्रक्रियागृह, शुश्रूषा असा खोलीशी जोडलेला खर्च २ लाख ४० हजार आणि औषधे, तपासण्या, इम्प्लांट यांचा खर्च १ लाख ८० हजार. पॉलिसी खोलीभाड्याचे ५० हजार मान्य करते. खोलीची मर्यादा ओलांडल्याने खोलीशी जोडलेला खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे आठास पाच या हिशेबाने कापला जातो आणि १ लाख ५० हजार उरतो. औषधे, तपासण्या व इम्प्लांटवर ही प्रमाणशीर कपात लागत नाही. अशी मान्य रक्कम ३ लाख ८० हजार होते. त्यातून पाच टक्के, म्हणजे १९ हजार वजा होऊन हातात ३ लाख ६१ हजार येतात. उरलेले १ लाख ३९ हजार रुपये रुग्णाच्या खिशातून जातात.

या रुग्णाकडे पाच लाख डिडक्टिबलची ५० लाखांची सुपर टॉप-अप असली, तरी ती इथे काहीच देणार नाही. बिल पाच लाखांच्या वर गेलेलेच नाही. सुपर टॉप-अप म्हणजे वरचा मजला आहे, खालच्या मजल्याची गळती त्याने थांबत नाही. म्हणून बेस पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा, आजारनिहाय मर्यादा किंवा को-पे असेल, तर आधी ती सुधारणे किंवा दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करणे जास्त उपयोगाचे ठरते. ते जमत नसेल, तर निदान मर्यादेत बसणारी खोली घेण्याने मोठी कपात टळते.

कंपनीचा गट विमा असताना फक्त सुपर टॉप-अप पुरेशी आहे का?

नोकरी चालू असेपर्यंत पुरते. वाळूज किंवा चिकलठाण्यातील एखाद्या कारखान्यातील कर्मचाऱ्याला तीन लाखांचा गट विमा असेल आणि त्याने तीन लाख डिडक्टिबलची सुपर टॉप-अप घेतली असेल, तर पायरी नीट जुळते. गट विम्यात जुन्या आजारांना अनेकदा पहिल्या दिवसापासून संरक्षण असते, हाही फायदा आहे. पण नोकरी सुटली, की गट विमा संपतो आणि सुपर टॉप-अप तशीच उभी राहते. तिचे डिडक्टिबल कमी होत नाही. त्यानंतर दर वर्षीचे पहिले तीन लाख स्वतःचे.

हा प्रश्न बहुधा ५८व्या किंवा ६०व्या वर्षी येतो. तोपर्यंत मधुमेह, रक्तदाब जडलेला असतो. त्या वयात नवी बेस पॉलिसी मागितली, तर हप्ता मोठा असतो, आधीच्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ लागतो आणि कंपनी अर्ज नाकारूही शकते. विमा नियामक ‘इर्डा’ने २०२४ मध्ये हा प्रतीक्षा काळ कमाल चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणला आहे, पण तीन वर्षेही त्या वयात कमी नसतात. त्यामुळे गट विमा असतानाच, तब्येत चांगली असताना, स्वतःची पाच लाखांची बेस पॉलिसी सुरू करून तिचा प्रतीक्षा काळ संपवून ठेवणे हिशेबात बसते. ज्यांना ते जमले नाही, त्यांनी नोकरी सोडण्यापूर्वीच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतरासाठी अर्ज करावा. गट विम्यात काढलेल्या वर्षांचा लाभ प्रतीक्षा काळात मिळू शकतो.

सरकारी योजनेचे पाच लाख हे डिडक्टिबल धरता येतील का?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान योजनेत घेण्याची सुरुवात २९ ऑक्टोबर २०२४ पासून झाली. मग ‘खालचे पाच लाख सरकारचे, वरचे सुपर टॉप-अपचे’ असा हिशेब काही जण मांडतात. तो कागदावरच जुळतो. या योजना ठरलेल्या उपचारांसाठी, योजनेत सामील रुग्णालयांत, ठरलेल्या पॅकेज दराने चालतात. रुग्ण योजनेतून दाखल झाला, तर उपचार त्या पॅकेजमध्ये होतो. योजनेत नसलेल्या रुग्णालयात गेला, तर सरकारी कार्ड तिथे चालत नाही आणि पहिले पाच लाख रोख भरावे लागतात. एका खासगी बिलाचे पहिले पाच लाख योजनेने आणि उरलेले विमा कंपनीने द्यायचे, अशी वाटणी गृहीत धरू नये. सरकारी कार्ड हा वेगळा, मोलाचा आधार आहे. पण तो सुपर टॉप-अपची खालची पायरी नाही.

दाव्याच्या वेळी कुठे अडते?

पहिली अडचण तारखांची. वरच्या कुटुंबाची बेस पॉलिसी १ एप्रिलपासून आणि सुपर टॉप-अप १ ऑक्टोबरपासून सुरू होत असेल, तर जूनचे बिल सुपर टॉप-अपच्या मागच्या वर्षात गेले. नव्या वर्षात तिच्या लेखी फक्त जानेवारीचे ३ लाख ८० हजार आहेत. ते पाच लाखांच्या आत असल्याने तिच्याकडून काहीच मिळणार नाही. एरवी मिळणारे तीन लाख केवळ तारखा न जुळल्याने जातात. त्यामुळे दोन्ही पॉलिसींची सुरुवात एकाच तारखेला आणणे आवश्यक ठरते.

दुसरी अडचण कागदपत्रांची. जूनचे बिल बेस पॉलिसीने पूर्ण भरले, म्हणून सुपर टॉप-अप कंपनीला कळवायचे राहून जाते. जानेवारीत बेरीज सिद्ध करायची वेळ येते, तेव्हा जूनची बिले, डिस्चार्ज कार्ड आणि बेस कंपनीचे दावा मंजुरीपत्र लागते. मूळ बिले पहिल्या कंपनीकडे जमा झालेली असतात. म्हणून प्रत्येक वेळी दाखल होताना दोन्ही कंपन्यांना कळवणे, बिलांच्या प्रती साक्षांकित करून घेणे आणि मंजुरीपत्र जपून ठेवणे, एवढे केले तरी बराच त्रास वाचतो. इर्डाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार, एकापेक्षा जास्त पॉलिसी असल्यास पहिला दावा कोणाकडे करायचा हे विमाधारक ठरवू शकतो आणि उरलेल्या रकमेसाठी त्या पहिल्या कंपनीने दुसऱ्या कंपनीशी समन्वय साधायचा असतो. दोन्ही पॉलिसी एकाच कंपनीच्या असतील, तर हे काम आणखी सोपे होते.

तिसरी अडचण प्रतीक्षा काळाची. बेस पॉलिसी दहा वर्षे जुनी असली, तरी नव्या सुपर टॉप-अपचा प्रतीक्षा काळ नव्याने सुरू होतो. पतीचा मधुमेह बेस पॉलिसीत संरक्षित असेल, पण दुसऱ्या वर्षीच त्यातून उद्भवलेल्या आजाराचे बिल पाच लाखांवर गेले, तर सुपर टॉप-अप ते नाकारू शकते. अर्जात जुने आजार लपवले असतील, तर हे भांडण आणखी अवघड होते.

मग स्वस्त संरक्षण कोणाला पुरते?

ज्यांच्याकडे खोलीभाड्याच्या मर्यादेशिवाय आणि को-पेशिवाय स्वतःची पाच ते दहा लाखांची बेस पॉलिसी आहे, त्यांना तेवढ्याच डिडक्टिबलची सुपर टॉप-अप पुरते. थेट २० लाखांची बेस पॉलिसी घेण्यापेक्षा ती स्वस्त पडते आणि मोठ्या बिलात जवळपास तेच काम करते. फक्त डिडक्टिबल बेस रकमेएवढे किंवा त्याहून कमी हवे. जुनी बेस पॉलिसी दोन लाखांची आणि डिडक्टिबल पाच लाखांचे असेल, तर मधले तीन लाख खिशातून जातात. बोनस मिळून बेस पॉलिसीची रक्कम साडेसात लाख झाली असली, तरी डिडक्टिबल त्यावर बेतू नये, कारण दावा झाल्यावर काही पॉलिसींत बोनस घटतो.

ज्यांच्याकडे चार-पाच लाख रुपये खरोखर बाजूला, चटकन मोडता येतील अशा ठेवीत आहेत, त्यांना बेस पॉलिसीशिवाय फक्त सुपर टॉप-अपही चालू शकते. पण हे पैसे एका वर्षात दोनदा लागू शकतात, म्हणजे मार्चमध्ये आणि नूतनीकरणानंतर पुन्हा मेमध्ये, हे लक्षात घ्यावे लागते. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम यात धरली, तर हिशेब फसतो.

उलट, ज्यांचा सगळा आधार कंपनीच्या गट विम्यावर आहे आणि निवृत्ती दहा वर्षांच्या आत आहे, ज्यांच्या बेस पॉलिसीत मोठी कपात होते, किंवा ज्यांच्याकडे ना बेस पॉलिसी ना ठेव, त्यांना सुपर टॉप-अप एकटी पुरत नाही. त्यांनी आधी लहान का होईना, स्वतःची चांगली बेस पॉलिसी घेणे आणि पुढच्या वर्षी जमेल तसे वर सुपर टॉप-अप चढवणे हा क्रम योग्य ठरतो. ५० लाखांची सुपर टॉप-अप कमी हप्त्यात मिळते म्हणून घेताना एकच आकडा विचारायचा असतो आणि तो ५० लाखांचा नाही. पहिले पाच लाख या वर्षी, पुढच्या वर्षी आणि वयाच्या ६२व्या वर्षी कोण देणार आहे? याचे नाव घेऊन उत्तर देता आले, तर स्वस्त संरक्षण पुरेसे आहे.